पंपात खडी वाजते तेव्हा

दुरुस्तीसाठी उघडलेल्या सेंट्रिफ्युगल पंपाचा जुना इम्पेलर हातात आला, तर पाणी आत शिरतं त्या मधल्या तोंडात बोट घालून बघावं. पात्याची पुढची कड बहुधा जवळजवळ शाबूत लागते. तिथून बोटभर आत, पात्याच्या पाठीमागच्या अंगाला मात्र बोट एकदम खरखरीत जागेवर येतं. खड्डे, खड्ड्यात खड्डे, कडा धारदार. जोर लावून फिरवलं तर बोट कापेल अशा. बिडाचा इम्पेलर असेल तर कधी कधी पातं तेवढ्याच जागी आरपार गेलेलं असतं आणि दोन इंच पुढे त्याच पात्यावर ओतकामाची मूळ कातडी जशीच्या तशी दिसते.

वर्कशॉपमध्ये यावर ठरलेलं निदान ऐकायला मिळतं: पाणी खारट असेल, गंज चढला. किंवा: नदीचं पाणी, वाळू येते, घासलं गेलं. दोन्ही पटण्यासारखी नाहीत. गंज सगळीकडे चढतो, तो एवढी जागा निवडून बसत नाही. वाळूने झिजलेला धातू गुळगुळीत होतो, त्यावर वाहण्याच्या दिशेने लांबट खाचा पडतात, आणि पाण्याचा वेग सर्वांत जास्त असतो त्या बाहेरच्या घेरावर झीज अधिक दिसते. इथे खड्डे पडलेत ते पाणी नुकतंच आत आलेल्या जागी. हे काम ना क्षाराचं ना वाळूचं. हे काम वाफेच्या बुडबुड्यांचं आहे, आणि ते पाणी विहिरीतलं साधं, थंड पाणीच असतं. या प्रकाराला कॅव्हिटेशन म्हणतात.

थंड पाण्यात वाफ कुठून आली, या प्रश्नाचं उत्तर पंपाबद्दलच्या एका गैरसमजाशी बांधलेलं आहे. पंप पाणी ओढतो, असं आपण म्हणतो. पाण्याला दोरीसारखं धरून ओढता येत नाही. इम्पेलर फिरताना पोटातलं पाणी बाहेरच्या घेराकडे भिरकावतो आणि त्यामुळे मधल्या तोंडाशी दाब कमी होतो. विहिरीतल्या पाण्यावर बाहेरच्या हवेचा दाब असतोच. ती हवा पाण्याला सक्शन पाइपातून वर ढकलते. पंपाने फक्त जागा करून द्यायची, वर आणण्याची मेहनत हवेची. आणि हवेच्या ताकदीला मर्यादा आहे. समुद्रकिनाऱ्यावर ती पाण्याचा सुमारे १०.३ मीटर उंचीचा स्तंभ तोलून धरते. पुण्याच्या उंचीवर ९.७ मीटर, महाबळेश्वरला ८.८ मीटरच्या आसपास. पंप कितीही मोठा आणा, मोटार कितीही अश्वशक्तीची लावा, सक्शनच्या बाजूला यापेक्षा एक पैसा जास्त मिळत नाही.

दाब कमी होत गेला की पाण्याचा उत्कलनबिंदूही खाली येतो. डोंगरावर पाणी लवकर उकळतं हे आपल्याला ठाऊक असतं. तोच प्रकार पुढे नेला तर असा एक दाब येतो की ३० अंशांचं पाणीसुद्धा उकळू लागतं. हा दाब पाण्याच्या स्तंभात मोजला तर ०.४३ मीटर भरतो. इम्पेलरच्या तोंडाशी पाणी पात्याची कड ओलांडून वळतं तेव्हा पात्याच्या पाठीमागच्या अंगाला त्याचा वेग अचानक वाढतो आणि वेग वाढला की दाब आणखी खाली जातो. सक्शन फ्लँजवर गेज लावून दिसतो त्याहूनही बराच खाली. एवढ्याशा जागेत दाब ०.४३ मीटरच्या खाली घसरला, की तिथे पाणी उकळतं आणि बुडबुडे धरतात. ३० अंशांचं एक लिटर पाणी पूर्ण वाफ झालं तर सुमारे ३३,००० लिटर जागा व्यापतं. त्यामुळे थेंबाचा अगदी सूक्ष्म भाग उकळला तरी डोळ्यांना दिसेल एवढा बुडबुडा तयार होतो.

बुडबुडा झाला म्हणून काही बिघडत नाही. बिघडतं ते तो मिटताना. पाणी त्याला घेऊन पुढे सरकतं, पात्यांमध्ये दाब वाढत जातो, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात बुडबुड्यातली वाफ परत पाणी होते. आत आता काहीच उरलेलं नसतं, म्हणून चारी बाजूंचं पाणी त्या पोकळीत कोसळतं. धातूला टेकलेल्या बुडबुड्याची एक बाजू पात्याने अडवलेली असते, म्हणून तो सारखा मिटत नाही. समोरची बाजू आधी आत घुसते आणि पाण्याची बारीक धार होऊन पात्यावर आदळते. त्या धारेचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या घरात जातो. एका माराने काही होत नाही. पण तेवढ्याच जागी सेकंदाला असे असंख्य मार बसत राहिले, की धातू थकतो, सूक्ष्म भेगा पडतात आणि कण सुटू लागतात. खड्डे कडेवर न पडता बोटभर आत का पडतात, तेही इथेच कळतं. बुडबुडे कडेपाशी जन्मतात, पण मरतात पुढे जाऊन, आणि इजा होते ती मरणाच्या जागी.

हा शोध पंपांमुळे लागला नाही, जहाजांमुळे लागला. १८९० च्या दशकात इंग्लंडमध्ये चार्ल्स पार्सन्सने वाफेच्या टर्बाइनवर चालणारं ‘टर्बिनिया’ हे जहाज बांधलं. टर्बाइन झकास फिरत होतं, पण जहाज अपेक्षेइतकं पळेना. त्याच सुमाराला ब्रिटिश नौदलाच्या ‘डेअरिंग’ या विनाशिकेच्या चाचण्यांतही प्रोपेलरची ताकद वाया जाताना दिसली होती. पार्सन्सने पाण्याची एक छोटी बंद टाकी केली, त्यात प्रोपेलर फिरवला आणि पात्यांमागे तयार होणाऱ्या पोकळ्या डोळ्यांनी पाहिल्या. अखेर त्याने एका प्रोपेलरऐवजी तीन दांड्यांवर तीन-तीन असे नऊ प्रोपेलर बसवले. भार वाटला गेला आणि १८९७ मध्ये स्पिटहेडच्या आरमारी संचलनात ‘टर्बिनिया’ सगळ्यांना मागे टाकून गेलं. मिटणारी पोकळी किती दाब निर्माण करू शकते याचं गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडलं. आज पंपाच्या पात्याबद्दल आपण जे बोलतो त्याचा पाया तोच.

आता आवाजाकडे येऊ, कारण पंप उघडण्याआधी कळण्याची सोय तीच आहे. कॅव्हिटेशन होणारा पंप ऐकला की पहिल्यांदा वाटतं, आत खडी गेली. बारीक खडी पत्र्याच्या घसरगुंडीवरून ओतत राहावी तसा सततचा खडखडाट, मध्येच एखादा जोराचा टोला. या आवाजाला ठेका नसतो, आणि ओळखण्याची खूण तीच आहे. बेअरिंग गेलं असेल तर आवाज फेऱ्यांच्या लयीत येतो. कपलिंगची रेषा चुकली असेल तर घरघर एकसुरी असते. बुडबुडे मात्र कुठेही, कधीही फुटतात, म्हणून त्यांचा आवाज विस्कळीत असतो. जुने फिटर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक केसिंगला लावतात आणि मुठीला कान देतात. हे करताना शर्टाची बाही आणि गळ्यातला पंचा फिरत्या शाफ्टपासून दूर ठेवावा. सक्शन फ्लँजच्या अंगाला खडखड मोठी आणि बेअरिंगच्या अंगाला बारीक ऐकू आली, की संशय बळावतो.

खात्रीसाठी डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह हळूहळू थोडा बंद करून बघायचा. पाणी कमी झालं आणि खडीही थांबली, तर कॅव्हिटेशन. बेअरिंग व्हॉल्व्हचं ऐकत नाही. ही चाचणी करताना एक चूक हमखास होते: व्हॉल्व्ह सक्शनचा फिरवला जातो. सक्शनचा व्हॉल्व्ह आवळणं म्हणजे पाण्याच्या वाटेत आणखी अडथळा घालणं. आवाज वाढतो, आणि पुढे पंप पाणी सोडून देतो.

एक गोष्ट मात्र फसवी आहे. विहिरीचं पाणी खाली जात राहिलं की खडखड आधी वाढत जाते आणि मग एका टप्प्यावर कमी होते. चालवणाऱ्याला वाटतं, चला, सुधारलं. प्रत्यक्षात तोपर्यंत इम्पेलरच्या तोंडात एवढी वाफ साठलेली असते की तीच उशीसारखी मार झेलते. आवाज मंदावतो, सोबत डिलिव्हरीची धारही पडलेली असते आणि गेजचा काटा नाचत असतो. धातूची सर्वांत जास्त झीज होते ती याच्या आधीच्या काळात, पंप बऱ्यापैकी पाणी देत असताना.

आता एका विहिरीचा हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण दख्खनच्या पठारावर कुठेही सापडेल अशीच ही मांडणी आहे. समुद्रसपाटीपासून ५५० मीटर उंचीचं गाव. विहिरीच्या काठाला ओट्यावर पंप. सेकंदाला १० लिटर पाणी. सक्शनला ८० मिलिमीटरचा पाइप, लांबी ९ मीटर, तळाला जाळीसकट फूट व्हॉल्व्ह, वर एक बेंड. इथल्या हवेची जमा आहे ९.७ मीटर. त्यातून ३० अंशांच्या पाण्याचा बाष्पदाब ०.४३ मीटर आधीच कापून ठेवावा लागतो, कारण तेवढ्याला हात लावला की पाणी उकळणार. पावसाळ्यानंतर पाण्याची पातळी पंपाच्या ३ मीटर खाली आहे, म्हणजे ३ मीटर उचलण्यात गेले. पाइप, जाळी आणि बेंड यांच्या घर्षणात साधारण १.१ मीटर. उरले ५.१ मीटरपेक्षा थोडे जास्त.

ही शिल्लक म्हणजे पंपाला उपलब्ध असलेला एनपीएसएच. कॅटलॉगमध्ये पंपाच्या वक्राखाली आणखी एक वक्र असतो, तो पंपाला लागणाऱ्या एनपीएसएचचा, म्हणजे आतमध्ये पाणी वळताना दाब जेवढा घसरणार त्याची तरतूद. आपल्या पंपाला सेकंदाला १० लिटरवर ३ मीटर लागतात असं धरू. ५.१ शिल्लक, ३ गरज. पंप शांत चालतो.

मे महिन्यात पातळी ६.२ मीटरवर जाते. बाकी काहीच बदललेलं नाही. पंप तोच, पाइप तोच, मोटार तीच. ९.७ मधून ०.४३, ६.२ आणि १.१ वजा केले की उरतात जेमतेम २ मीटर, आणि गरज ३ ची आहे. पाणी खोल गेल्याने पंपाचं पाणी थोडं घटतं आणि गरजही किंचित उतरते, पण हा खड्डा भरून निघण्याइतकी नाही. खडी वाजू लागते. मालक म्हणतो, पावसाळ्यात ठीक होता, आता पंपात बिघाड झाला. इम्पेलर बदलला जातो, पुढच्या उन्हाळ्यात परत तेच.

सक्शन फ्लँजला व्हॅक्यूम गेज असतं तर ही गोष्ट आधीच दिसली असती. पावसाळ्यानंतर त्याने पाऱ्याचे सुमारे ३२० मिलिमीटर दाखवले असते, मे महिन्यात ५५०. या उंचीवर पूर्ण निर्वात म्हणजेच सुमारे ७१० मिलिमीटर, तेव्हा ५५० हा आकडा किती टोकाचा आहे ते कळतं. पंपावर हजारो रुपये खर्च करणारे लोक हे एक स्वस्तातलं गेज बसवत नाहीत, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. पातळी स्थिर असताना गेजचा आकडा दर महिन्याला चढत असेल, तर जाळीत पालापाचोळा किंवा शेवाळ अडकलंय असं समजावं.

या हिशेबात कॅटलॉगचा एक आकडा जसाच्या तसा घेऊ नये. ‘लागणारा एनपीएसएच’ कारखान्यात असा ठरवतात: पंप एका ठरावीक प्रवाहावर चालवायचा, सक्शनचा दाब कमी-कमी करत न्यायचा, आणि पंपाचा हेड ३ टक्क्यांनी पडला की तो आकडा लिहून घ्यायचा. म्हणजे छापलेल्या आकड्यावर पंप कॅव्हिटेशनपासून दूर नसतो, चांगला त्यात बुडालेला असतो. हेड पडण्याइतकी वाफ तिथे जमलेली असते. पहिला बुडबुडा त्याच्या कितीतरी आधी झालेला असतो. म्हणून उपलब्ध आणि लागणारा यांच्यात निदान एक मीटरचं अंतर ठेवावं, मोठ्या किंवा महत्त्वाच्या पंपाला त्याहून जास्त. बरोबर ३ मीटर मिळतात म्हणून ३ मीटरचा पंप घेणं म्हणजे तो खडखडणारच असं ठरवून घेणं.

दुसरं असं की गरजेचा आकडा स्थिर नसतो. पंपातून जास्त पाणी जाऊ लागलं की तो झपाट्याने चढतो. यातून एक उलटा परिणाम होतो. शेतकरी ‘जरा मोठाच घेऊ’ म्हणून ३० मीटर हेडचा पंप आणतो आणि प्रत्यक्षात पाणी चढवायचं असतं १८ मीटर. समोरून विरोध कमी, म्हणून पंप ठरवल्यापेक्षा बरंच जास्त पाणी फेकायला लागतो. पाइपातलं घर्षण वाढतं, पंपाची गरजही वाढते, दोन्हीकडून शिल्लक खाल्ली जाते. वर मोटार जास्त करंट ओढते ते वेगळंच. जास्त ताकदीच्या पंपाने खडी वाजते आणि लहान पंपाने थांबते, हे गावात सांगितलं तर दुकानदारसुद्धा हसतो. पण हे अगदी खरं आहे.

आपल्या विहिरीवर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणून मे महिन्यात डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह आवळून पाणी सेकंदाला ७ लिटरवर आणलं, तर घर्षण निम्म्यावर, म्हणजे ०.५५ मीटरवर येतं. शिल्लक २.५ मीटर होते, आणि ७ लिटरला पंपाची गरज समजा १.८ मीटर असेल, तर थोडंसं अंतर तयार होतं. खडी थांबते. पाणी तीन दशांश कमी मिळतं आणि व्हॉल्व्हवर थोडी वीज वाया जाते, पण इम्पेलर वाचतो. उन्हाळ्याचे दोन महिने काढायला एवढं पुरतं.

व्हॉल्व्ह आवळण्यालाही खालची हद्द आहे. प्रवाह फारच कमी केला की इम्पेलरच्या तोंडाशी पाणी मागे फिरून भोवरे करू लागतं आणि त्या भोवऱ्यांत पुन्हा कॅव्हिटेशन सुरू होतं. तेव्हाचे खड्डे पात्याच्या पाठीमागच्या अंगाला न पडता समोरच्या, पाणी ढकलणाऱ्या अंगाला पडतात. पंप उघडल्यावर कुठली बाजू खाल्ली गेली ते बघितलं, की सक्शन कमी पडतंय की पंप फार आवळून चालवलाय, हे लगेच सांगता येतं.

दुसरा उपाय सक्शन पाइप मोठा करण्याचा. ८० च्या जागी १०० मिलिमीटरचा पाइप आणि त्याच मापाचा फूट व्हॉल्व्ह बसवला तर सेकंदाला १० लिटरवर पाण्याचा वेग २ मीटरवरून १.३ मीटरच्या खाली येतो आणि घर्षण १.१ वरून ०.४ मीटरवर. शिल्लक २ वरून २.६५ मीटर झाली. फायदा चांगला, पण गरज ३ ची आहे, म्हणजे फक्त पाइप बदलून आपलं काम भागत नाही. कागदावर हिशेब न करता पाइप बदलणाऱ्याला हे पैसे खर्च झाल्यावर कळतं.

मोठा पाइप पंपाच्या लहान तोंडाला जोडताना रिड्यूसर लागतो, आणि तो साधा शंकूच्या आकाराचा नसावा. त्याच्या वरच्या अंगाला हवेचा फुगा साठून राहतो. एका बाजूने सपाट असलेला रिड्यूसर घ्यावा आणि सपाट बाजू वर ठेवावी. आडवा सक्शन पाइपही पंपाकडे किंचित चढता असावा, मध्ये कुठे कुबड नसावं. बेंड थेट पंपाच्या तोंडाला लावू नये; पाइपाच्या व्यासाच्या निदान पाचपट लांबीचा सरळ तुकडा मध्ये ठेवावा. नाहीतर पाणी एका बाजूला जास्त झुकून आत शिरतं आणि इम्पेलरचा एक भाग उपाशी राहतो.

खरा उपाय उरतो तो पंप खाली नेण्याचा. काठावरून २ मीटर खाली, विहिरीच्या आतल्या टप्प्यावर पंप बसवला, पाइप १०० चाच ठेवला, तर मे महिन्यात उचल ४.२ मीटर राहते. पाइप आखूड झाल्याने घर्षण ०.४ च्याही खाली येतं. शिल्लक सुमारे ४.७ मीटर, गरज ३. गेज आता साडेतीनशेच्या आसपास उभं राहतं. वरच्या हवेवर आपला ताबा नाही, बाष्पदाबावर नाही. उंचीवर मात्र आहे, आणि दर मीटरला पूर्ण एक मीटर परत मिळतो. जुन्या विहिरींमध्ये पंपासाठी आत टप्पा काढलेला दिसतो त्यामागे हाच हिशेब आहे. फक्त पावसाळ्यात मोटार पाण्याखाली जाणार नाही, याची व्यवस्था आधी करावी लागते.

हवा घेणारा पंप आणि कॅव्हिटेशन होणारा पंप यांत अनेकांची गल्लत होते, कारण दोन्हींत पाणी कमी पडतं आणि गेज नाचतं. सक्शनच्या सांध्यातून किंवा ग्लँडच्या पॅकिंगमधून हवा शिरत असेल तर डिलिव्हरीचं पाणी दुधाळ दिसतं. बादलीत धरलं की थोड्या वेळाने निवळतं. वाफेचे बुडबुडे बाहेर येईपर्यंत टिकतच नाहीत. संशयित सांध्याजवळ पेटवलेली उदबत्ती धरावी. धूर आत ओढला गेला तर गळती सापडली. फूट व्हॉल्व्ह पाण्यात फार उथळ बुडालेला असेल तर पृष्ठभागावर भोवरा पडतो आणि त्यातूनही हवा जाते.

गंमत अशी, की थोडी हवा कॅव्हिटेशनचा मार हलका करते. हवा वाफेसारखी विरून जात नाही, बुडबुड्यात अडकून राहते आणि तो मिटताना आडवी येते. काही जुने ऑपरेटर सक्शनवरचा छोटा प्लग किंचित सैल करून खडखड बंद करतात, ते यामुळेच. युक्ती खोटी नाही, पण हवेचं प्रमाण थोडं वाढलं तरी पंप पाणी सोडतो आणि परत प्रायमिंग करत बसावं लागतं. शिवाय आवाज बंद झाला की मूळ दुखण्याकडे कुणी बघत नाही. मी ही युक्ती कुणाला सुचवणार नाही.

धातू बदलून वेळ विकत घेता येतो. बीड सर्वांत लवकर हरतं, गन मेटल त्याहून बरं टिकतं, स्टेनलेस स्टील आणखी जास्त. खड्ड्यांत वेल्डिंग भरून घासून घेतात तेही चालतं, पण पृष्ठभाग ओबडधोबड राहिला तर त्या उंचवट्यामागे नवे बुडबुडे धरतात. सक्शनची शिल्लक तशीच ठेवून नुसता स्टीलचा इम्पेलर बसवला तर एका उन्हाळ्याऐवजी तो काही उन्हाळे काढेल, एवढंच. आणि तोवर ती थरथर सील आणि बेअरिंग खात राहते, त्यांचा धातू कुणी बदललेला नसतो.

विहिरीचं पाणी थंड असल्यामुळे आपल्या हिशेबात बाष्पदाबाचा वाटा किरकोळ होता. साखर कारखान्यात बॉयलरला जाणारं पाणी किंवा डेअरीतलं गरम पाणी आलं, की हिशेबाचा तोंडवळाच बदलतो. ६० अंशांला बाष्पदाब २ मीटरच्या वर जातो, ८० ला ५ मीटरच्या आसपास. त्याच ५५० मीटर उंचीवरच्या गावात उघड्या टाकीत ९० अंशांचं पाणी असेल, तर हवेची जमा (गरम पाणी हलकं असल्याने) १० मीटर धरता येते, पण बाष्पदाबच ७.४ मीटर खातो. उरले २.६ मीटर. पंपाला ३ लागणार, वर एक मीटरचं अंतर, अर्धा मीटर पाइपात जाणार. म्हणजे साडेचार हवेत. हे पाणी पंप खालून वर घेऊच शकत नाही; टाकीतली पातळी पंपाच्या वर सुमारे २ मीटर असावी लागते. कारखान्यांत गरम पाण्याची टाकी उंच मचाणावर आणि तिचा पंप खाली जमिनीवर दिसतो तो यासाठी. आणि कुणी वाफेची बचत म्हणून टाकीचं तापमान ९० वरून ९५ अंशांवर नेलं, तर बाष्पदाब ९ मीटरला टेकतो, शिल्लक जेमतेम १ मीटर राहते आणि टाकी सुमारे दीड मीटर आणखी वर उचलावी लागते.